नूतनीकरणात इन्व्हॉइस कव्हर काढून टाकू का?

प्रश्न: फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी पेट्रोल गाडी घेतली. इन्व्हॉइस ९,००,००० रुपयांचं, रोड टॅक्स ९९,००० वेगळा. कर्ज ८,१०,०००, सात वर्षं, नऊ टक्के, हप्ता १३,०३२. आता विम्याचं नूतनीकरण आलंय. एजंट म्हणतो, 'झिरो डेप ठेवा, रिटर्न टू इन्व्हॉइस काढून टाका, तीन हजार वाचतील. गाडी गेलीच तर आयडीव्ही मिळतेच की.' कोटेशनवर आयडीव्ही ६,५८,४०० लिहिलीय. गाडी रात्री सोसायटीच्या आवारात असते. काढून टाकू का? आणि ठेवलं तर ऑन-रोड दिलेले सगळे पैसे परत मिळतात, हे खरं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: रिटर्न टू इन्व्हॉइस, म्हणजे गाडी पूर्ण गेल्यावर आयडीव्हीच्या वरचा खरेदी-किमतीचा फरक देणारं जोड-कव्हर, काढू नका, निदान या वर्षी तरी नाही. आणि सगळे ऑन-रोड पैसे परत मिळतात हे अर्धंच खरं आहे. किती मिळतात, ते कव्हरच्या नावावर ठरत नाही, त्याखाली छापलेल्या दोन ओळींवर ठरतं. तुम्ही आकडे दिलेत हे बरं झालं. त्यांच्यावरच हिशेब मांडू.

आधी तुमची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, एवढी खाली का आली ते बघा. आयडीव्ही तुम्ही दिलेल्या किमतीवर काढत नाहीत. पॉलिसी सुरू होते त्या दिवशी गाडी बनवणारी कंपनी ते मॉडेल ज्या शोरूम किमतीला विकते, ती धरतात आणि त्यातून गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. विमा कंपन्या यात थोडं वर-खाली करतात, पण चाल हीच. तुमची गाडी आता दुसऱ्या वर्षात शिरतेय, म्हणजे २० टक्के. ६,५८,४०० ला ०.८० ने भागलं की ८,२३,००० येतात. म्हणजे विमा कंपनीने मूळ किंमत ९ लाख धरलेलीच नाही, ८,२३,००० धरली आहे.

यात कोणाची लबाडी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ टक्के जीएसटी अधिक १ टक्का सेस यावरून १८ टक्क्यांवर आला. ९,००,००० ला १.२९ ने भागून १.१८ ने गुणा, ८,२३,००० च्या जवळच येतं. तुमची गाडी त्याच गटातली दिसते. नव्या गिऱ्हाइकाला याचा फायदा झाला. पण आधी पूर्ण कर भरून गाडी घेतलेल्यांच्या आयडीव्हीला एकाच नूतनीकरणात दोन कात्र्या लागल्या, एक घसाऱ्याची आणि एक कर-कपातीची. कर-कपातीच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत गाडी घेतलेल्या प्रत्येकाने हे नीट बघावं.

आता धरून चालू की गाडी नूतनीकरणानंतर दोन महिन्यांनी, चौदाव्या महिन्यात चोरीला गेली. चोरीचा क्लेम आठवड्याभरात सुटत नाही. पोलिसांचा तपास होऊन 'गाडी सापडत नाही' असा अहवाल येईपर्यंत काही महिने जातातच. पाच महिने धरा. या काळात बँकेचे हप्ते चालूच राहतात, कारण कर्ज गाडीने नाही, तुम्ही घेतलंय. पाच हप्ते म्हणजे ६५,१६० रुपये, समोर नसलेल्या गाडीसाठी. एकोणीस हप्ते भरून झाल्यावर कर्जाची बाकी असते साधारण ६,६८,५००.

इन्व्हॉइस कव्हर नसेल तर कंपनी देणार ६,५८,४०० वजा सक्तीची वजावट १,००० (पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला तेवढीच असते), म्हणजे ६,५७,४००. आरसीवर बँकेचा बोजा असल्यामुळे धनादेश आधी बँकेकडे जातो. तिथे ११,१०० रुपये कमीच पडतात आणि ते तुमच्या खिशातून जातात. गाडी नाही, सुरुवातीला भरलेले ९०,००० नाहीत, रोड टॅक्स नाही, वर बँकेचं देणं. 'आयडीव्ही मिळतेच की' हे एजंटचं म्हणणं खोटं नाही, पण ती कोणाला मिळते ते त्याने सांगितलं नाही.

इन्व्हॉइस कव्हर असेल तर दोन शक्यता आहेत. खरा प्रश्न इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

बाजारात या कव्हरच्या शब्दरचना साधारण दोन तऱ्हेच्या आहेत. पहिल्या तऱ्हेत लिहिलेलं असतं की खरेदीच्या इन्व्हॉइसवरची किंमत, अधिक पहिल्या नोंदणीच्या वेळी भरलेला रोड टॅक्स आणि नोंदणी शुल्क, यातून आयडीव्ही वजा करून राहील तो फरक देऊ. तुमच्या बाबतीत एकूण ९,९९,०००. वजावट जाऊन ९,९८,०००. बँकेचे फेडून तुमच्या हातात ३,२९,५०० उरतात, म्हणजे दुसऱ्या गाडीचं डाऊन पेमेंट आणि वर काही.

दुसऱ्या तऱ्हेत एक छोटासा शब्दसमूह असतो: 'इन्व्हॉइस किंमत किंवा त्याच मॉडेलची आजची शोरूम किंमत, यांपैकी जी कमी असेल ती'. आणि रोड टॅक्सचा उल्लेखच नसतो. मग हिशेब ९ लाखांवर होत नाही, ८,२३,००० वर होतो. वजावट जाऊन ८,२२,०००, बँकेचे फेडून हातात १,५३,५००. दोन्ही पॉलिसींवर नाव तेच, हप्ता जवळपास तोच, आणि फरक १,७६,००० चा. गाड्यांच्या किमती दरवर्षी चढत होत्या तोवर 'जी कमी असेल ती' या शब्दांनी कोणाचं फारसं बिघडत नव्हतं, कारण कमी किंमत म्हणजे जुनं इन्व्हॉइसच असायचं. सप्टेंबर २०२५ नंतर हेच शब्द सगळ्यात महाग झाले आहेत.

तेव्हा एजंटला तीन हजार वाचवायचं विचारू नका, हे विचारा: 'माझ्या कव्हरमध्ये किंमत कोणती धरतात, आणि रोड टॅक्स आहे की नाही?' त्याच्या तोंडी उत्तरावर थांबू नका. पॉलिसीच्या पहिल्या पानांवर घेतलेल्या प्रत्येक जोड-कव्हरपुढे एक यूआयएन, म्हणजे त्या कव्हरचा स्वतंत्र ओळख क्रमांक, छापलेला असतो. विमा कंपनीच्या संकेतस्थळावर पॉलिसी वर्डिंगची पीडीएफ असते. तिच्यात तोच यूआयएन शोधा आणि त्याखालचा परिच्छेद वाचा. एक-दीड पानाचा असतो. एकाच कंपनीचे या कव्हरचे दोन प्रकारही असू शकतात, म्हणून नाव जुळलं तेवढ्यावर जाऊ नका, क्रमांक जुळवा. तुमच्या सध्याच्या कंपनीची रचना दुसऱ्या तऱ्हेची निघाली, तर नूतनीकरणाआधी दुसऱ्या एक-दोन कंपन्यांचं कोटेशन आणि वर्डिंग मागवा. कंपनी बदलली तरी तुमचा नो क्लेम बोनस तुमच्याबरोबर येतो.

हाच परिच्छेद वाचताना आणखी एक गोष्ट बघून घ्या: गाडीचं जास्तीत जास्त वय. पुष्कळ कंपन्या हे कव्हर तीन वर्षांपर्यंत देतात, काही पाचपर्यंत. आणि ते फक्त पहिल्या मालकाला मिळतं. सेकंडहँड घेतलेल्या गाडीवर, ती सहाच महिन्यांची असली तरी, बहुतेक ठिकाणी चालत नाही.

पहिल्या तऱ्हेतही 'सगळे पैसे' येत नाहीत. डीलरने लावलेलं हँडलिंग, वाढीव वॉरंटी, बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, सीट कव्हर, हे त्यात नसतं. पहिल्या वर्षीचा विम्याचा हप्ता काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. इन्व्हॉइस म्हणजे डीलरचं टॅक्स इन्व्हॉइस, सुरुवातीला हातात दिलेलं कोटेशन किंवा प्रोफॉर्मा नव्हे. डीलरने दिलेली सूट टॅक्स इन्व्हॉइसमध्येच वजा दाखवली असेल तर सूट जाऊन उरलेली रक्कमच धरली जाते. तुमच्याकडचा कागद नेमका कोणता आहे ते आजच काढून बघा. हरवला असेल तर डीलरकडून शिक्का मारलेली प्रत आत्ता घ्या, नंतर ती मिळवताना दमछाक होते. रोड टॅक्सच्या पावतीचंही तसंच.

झिरो डेप असताना हे कशाला, हा एजंटचा मुद्दा राहिला. झिरो डेप दुरुस्तीच्या क्लेमसाठी आहे: बंपर, दिवे, दरवाजा बदलताना सुट्या भागांवरचा घसारा कापला जात नाही, एवढंच. गाडी चोरीला गेली की त्यातून एक रुपया येत नाही. उलट, इन्व्हॉइस कव्हर दुरुस्तीला काडीचंही उपयोगी नाही. ते फक्त दोनच वेळी उघडतं: चोरी झाली आणि गाडी सापडली नाही तर, आणि अपघात, आग, पूर यांत गाडी 'टोटल लॉस' ठरली तर. दोघांची कामं वेगळी आहेत, एकाच्या जागी दुसरं बसत नाही.

टोटल लॉसची रेषा ७५ टक्क्यांवर आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस धरतात. तुमच्यासाठी ही रेषा ४,९३,८०० ला येते. इथे मोजला जातो तो विमा कंपनीने नेमलेल्या सर्व्हेअरने मंजूर केलेला खर्च, गॅरेजने लिहिलेला अंदाज नव्हे. गॅरेजचा कागद साडेपाच लाख म्हणू शकतो आणि सर्व्हेअर दर कापून, एक-दोन भाग 'बदलू नका, दुरुस्त करा' म्हणून तो ४,८०,००० वर आणू शकतो. ४,८०,००० वर गाडी दुरुस्तीला जाते आणि इन्व्हॉइस कव्हरचा एक पैसाही मिळत नाही. रेषेच्या वर टोटल लॉस, आणि चांगल्या शब्दरचनेत जवळपास दहा लाख. रेषेच्या आजूबाजूचे पंधरा-वीस हजार इतके निर्णायक असतात, म्हणून वादही तिथेच होतात.

त्यामुळे मोठ्या अपघातानंतर घाई करू नका. पुढून जोराचा मार बसला असेल तर वरून दिसतं त्याच्यापेक्षा आतलं नुकसान जास्त असतं: चॅसीचे पुढचे भाग, सस्पेन्शन, एअरबॅगचं नियंत्रण, वायरिंगचा हार्नेस. गाडी उघडण्यापूर्वीचा अंदाज नेहमी कमी निघतो आणि काम सुरू झाल्यावर पुरवणी अंदाज येत राहतात. म्हणून दुरुस्तीच्या संमतीवर सही करण्याआधी गॅरेजला गाडी उघडून पूर्ण तपासायला सांगा, सर्व्हेअर तेव्हा समोर असू दे आणि भागांची यादी लेखी घ्या. काम अर्धं झाल्यावर खर्च रेषेपलीकडे गेला की मग कोणालाच मागे फिरता येत नाही. पुरात बुडालेल्या गाडीचं आणखी एक: पाणी ओसरल्यावर ती चालू करून बघू नका. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर वेगळं इंजिन कव्हर नसताना ते नुकसान तुमच्यावर ढकललं जातं आणि तेवढा खर्च ७५ टक्क्यांच्या हिशेबातून वगळला जाऊ शकतो.

याच ठिकाणी कधीकधी एक सोपा वाटणारा प्रस्ताव येतो. सर्व्हेअर म्हणतो, 'टोटल लॉसच्या कागदात अडकू नका, कॅश लॉस करून टाकू. तुम्हाला अमुक रक्कम देतो, गाडी तुम्हीच ठेवा.' पैसे लवकर मिळतात हे खरं. पण क्लेम त्या पायावर मिटला की तो टोटल लॉस उरत नाही, आणि इन्व्हॉइस कव्हर उघडत नाही. सही करण्याआधी क्लेम कोणत्या पायावर मिटतोय ते ईमेलवर लिहून मागा. बोलण्यावर राहू नका.

काहीजण इन्व्हॉइस कव्हरऐवजी आयडीव्ही ओढूनताणून वाढवून घेतात. त्याने थोडी भर पडते, पण आयडीव्ही वाढली की ७५ टक्क्यांची रेषाही वर सरकते आणि टोटल लॉस ठरणं कठीण होतं. आमच्या मते कंपनीने काढलेली रास्त आयडीव्ही तशीच ठेवून वर इन्व्हॉइस कव्हर घेणं हे जास्त शहाणपणाचं.

सोसायटीच्या आवाराचं म्हणाल, तर त्याने चोरीचा धोका कमी होतो, टोटल लॉसचा होत नाही. गाडी दिवसभर रस्त्यावर असतेच. आणि आवारात पाणी शिरलं तर आधी खालच्या पार्किंगमधल्या गाड्या जातात.

चोरीच्या क्लेममध्ये पैसे अडकतात ते बहुतेक कागदांवर आणि किल्ल्यांवर. गाडीबरोबर आलेल्या दोन्ही मूळ किल्ल्या कंपनी मागते. एक हरवली असेल तर आत्ताच त्याची लेखी नोंद करा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून दुसरी करून पावती जपून ठेवा. चोरीनंतर 'एक किल्ली आधीच हरवली होती' असं सांगितलं की संशय तिथून सुरू होतो. किल्ली गाडीतच ठेवून दुकानात गेलात आणि गाडी गेली, तर वाजवी काळजी घेतली नाही म्हणून क्लेम फेटाळला किंवा कापला जाऊ शकतो. गाडी ओळखीच्या माणसाला वापरायला दिली आणि त्याने परत केली नाही, तर ते प्रकरण चोरीत बसवणं अवघड जातं.

गाडी दिसत नाही हे कळलं त्याच दिवशी ११२ वर कळवा, पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवा. कलम चोरीचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ३०३(२), लागलंय ना ते प्रतीवर बघा. नुसती हरवल्याची तक्रार घेऊन घरी येऊ नका. त्याच दिवशी कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर क्लेम क्रमांक घ्या, फास्टॅग बंद करा, आरटीओला लेखी कळवा. एफआयआर लगेच नोंदवला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटलं आहे. तरी तो वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही.

त्यानंतर वाट बघायची ती 'अ समरी'ची. गुन्हा खरा आहे पण आरोपी आणि माल सापडत नाही, असा अहवाल महाराष्ट्रात पोलीस या नावाने न्यायालयात देतात. न्यायालयाने तो मंजूर केला की त्याची प्रमाणित प्रत काढायची. पोलीस ठाण्यात महिन्यातून एकदा तरी फेरी मारत राहा, कारण ती फाईल आपोआप पुढे सरकत नाही. प्रत मिळाल्यावर मूळ आरसी, दोन्ही किल्ल्या, टॅक्स इन्व्हॉइस, रोड टॅक्सची पावती, गाडी हस्तांतराचे सही केलेले फॉर्म २८, २९ आणि ३०, बँकेचं बाकी रकमेचं पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ असं सगळं एकाच वेळी द्या आणि पोच घ्या. क्लेम मिटण्याआधी गाडी सापडली, तर मात्र ती तोडफोड झालेली असली तरी तुमच्याकडे परत येते. मग दुरुस्तीचा क्लेम होतो आणि इन्व्हॉइस कव्हर बाजूला पडतं, नुकसान ७५ टक्क्यांपलीकडचं नसेल तर.

आयडीव्ही दिली पण इन्व्हॉइसचा फरक अडवला, असं झालं तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. फी लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं. मुंबई आणि पुणे इथे कार्यालयं आहेत. कंपनीचं नकाराचं पत्र आल्यापासून वर्षाच्या आत गेलं पाहिजे.

शेवटी नूतनीकरणाची तारीख. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा असतो, त्यामुळे पुष्कळांचा समज होतो की विमा तीन वर्षं आहे. तुमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग एकाच वर्षाचा असतो आणि इन्व्हॉइस कव्हर त्याच्यावर टांगलेलं असतं. तो एक दिवसही खंडित होऊ देऊ नका. खंड पडला की गाडीची तपासणी होते, आणि पुष्कळदा इन्व्हॉइस कव्हर देणं बंद होतं. जुन्या पॉलिसीवर ज्या तारखेला रात्री बारा वाजता संपतं असं छापलंय, त्याच्या आठवडाभर आधी पैसे भरा. नवी पॉलिसी हातात आली की चार गोष्टी वाचा: इन्व्हॉइस कव्हरचं नाव आणि यूआयएन, आयडीव्ही, बँकेचं नाव, आणि चॅसी क्रमांक आरसीशी जुळतो का. चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्ती मागा. पुढच्या वर्षी पुन्हा तोच हिशेब करा, कारण घसारा तेव्हा तीस टक्क्यांवर जाईल. कंपनी देतेय तोवर हे कव्हर ठेवा. बाकी कर्ज आयडीव्हीच्या बरंच खाली आलं की खुशाल सोडा, पण तुमच्या आकड्यांवर चौथ्या वर्षाच्या सुरुवातीलाही ते आयडीव्हीच्या वरच असेल.